शब्द उजळतो, वाक्य विझतं

लालबाग-परळमधलं गणपतीचं आगमन असो, दादरचा फुलबाजार असो की गिरगावची पाडव्याची शोभायात्रा, त्यांच्या बऱ्याच उभ्या व्हिडिओंचा साचा आता ठरून गेला आहे. चौकटीच्या मध्याजवळ जाड ठशात एक ते तीन शब्द येतात आणि निवेदक जो शब्द बोलतो तो तेवढ्यापुरता पिवळा होतो. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि आवाज बंद ठेवून, लोकलच्या गर्दीत एका हाताने पाहण्याचा हा प्रकार घट्ट रुजला. अशा प्रेक्षकाला अक्षरं लागणारच, त्यावर वाद नाही. वाद आहे तो उजळण्याच्या एककाचा. ॲलेक्स होर्मोझी या अमेरिकी उद्योजकाच्या व्हिडिओंमुळे गाजलेली ही शैली इंग्रजी बोलण्याच्या मापाने बेतलेली आहे. ती मराठीवर जशीच्या तशी चढवली की कॅप्शन वेळेत बरोबर आणि तालात चूक ठरतं.

एक वाक्य घेऊन पाहू: ‘परळच्या कार्यशाळेतून मूर्ती बाहेर पडली आणि एकच जल्लोष झाला.’ यात नऊ शब्द आहेत, पण उच्चाराचे तुकडे बावीस. उत्साही निवेदक सेकंदाला साधारण साडेपाच तुकडे बोलतो असं धरलं, तर विराम सोडून वाक्य चार सेकंदांत संपतं. त्यातलं ‘कार्यशाळेतून’ एकटंच जवळजवळ एक सेकंद खातं, कारण नाम आणि ‘तून’ हा प्रत्यय मराठीत एकाच शब्दात बसतात. इंग्रजीत ‘तून’चं काम वेगळा छोटा शब्द करतो आणि पिवळेपणाला उडी मारायला आणखी एक पायरी मिळते. इथे आवाज पाच पावलं पुढे जातो आणि रंग जागीच उभा राहतो. त्याच्या उलट ‘मूर्ती बाहेर पडली’ हे निवेदक एका दमात म्हणतो, मध्ये कुठेही थांबत नाही, पण पडद्यावर एका सेकंदाच्या आसपास तीन झटके बसतात. ‘आणि’ तर बोलण्यात ‘आन्’ एवढाच उरतो, तरी त्याला पूर्ण चौकट मिळते. म्हणजे आवाज चालता असतो तिथे अक्षरं थबकतात आणि आवाज सलग असतो तिथे अक्षरं तुटतात. हा दोष यंत्राच्या आळसातून आलेला नाही. प्रत्येक शब्दाची वेळ अचूक असली तरी तो तसाच राहतो.

वेळेची अचूकताही अर्थात सगळीकडे नसते. कॅप्शन बनवणारी साधनं दोन रीतींनी वेळ ठरवतात. एका रीतीत आवाज ओळखणारं मॉडेल मजकुरासोबतच प्रत्येक शब्दाच्या वेळेचा अंदाज देतं. दुसऱ्या रीतीत मजकूर आधी तयार असतो आणि तो आवाजाच्या लाटेवर बसवला जातो. दुसरी रीत जास्त भरवशाची, पण तिला मजकूर बिनचूक लागतो. ढोल-ताशात बोललेल्या निवेदनाचा मजकूर बिनचूक येत नाही. भाषा हिंदी धरली गेली असेल तर ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि कोकणी वळणाचं लालबागी बोलणं सरळ पुस्तकी होऊन बसतं. चूक ओळखण्याची सोपी जागा म्हणजे विराम. ‘पडली’नंतर निवेदक श्वास घेतो. बरीच साधनं शब्दाचा शेवट ओढून पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जोडतात, त्यामुळे ‘पडली’ त्या शांततेतही पिवळाच राहतो. व्हिडिओ पाव वेगाने चालवला की हे लगेच दिसतं. उशीर आणि घाई यांचं वजनही सारखं नसतं. दूरचित्रवाणीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ओठ आणि आवाज यांच्या मेळाच्या ज्या मर्यादा नोंदवल्या आहेत, त्यांत आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला तरी खटकतो, मागे पडला तर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत चालून जातो. अक्षरांना हेच माप लागेल असं नाही, पण कल तोच असावा. तीस फ्रेमच्या व्हिडिओत शब्द एक-दोन फ्रेम आधी उजळला तर डोळा माफ करतो, आवाजानंतर उजळला तर करत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, शब्द उजळवण्याचा उपयोग भारतातच सिद्ध झालेला आहे. ते खरंच आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनवरच्या चित्रगीतांना त्याच भाषेतली अक्षरं जोडण्याचा प्रयोग 1999 मध्ये गुजरातेतून सुरू केला. गाण्याबरोबर शब्द रंग बदलत जात आणि जेमतेम वाचता येणाऱ्यांना त्याने वाचनाचा सराव मिळाला. त्याहीआधी, 1920च्या दशकात, अमेरिकेत मॅक्स फ्लायशरच्या चित्रफितींत गाण्याच्या ओळीवर उडता चेंडू नाचत असे. पण दोन्हीकडे ओळ पूर्ण दिसत होती. रंग किंवा चेंडू ओळीतली जागा दाखवायचा, ओळीची जागा घ्यायचा नाही. शिवाय गाण्यात स्वर लांबवले जातात, त्यामुळे शब्दाला थांबायला सवड असते. धावत्या निवेदनात ती नाही. तेव्हा हा दाखला एकेक शब्द उडवणाऱ्या कॅप्शनच्या बाजूने नव्हे, विरुद्ध पडतो.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे: एकेक शब्द दाखवला की बोट पुढे सरकत नाही, माणूस थांबतो. थांबत असेलही. पण थांबून तो काय करतो? वाचताना डोळा पुढच्या शब्दांची चाहूल घेतो आणि अडलं की मागे जातो. एका जागी एकेक शब्द फेकला की या दोन्ही सोयी जातात. एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि कीथ रेनर यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचून झालेले शब्द झाकून टाकले, म्हणजे मागे वळण्याची वाट बंद केली, तेव्हा आकलन घसरलं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणून मागचं नाम हाताशी असणं इथे जास्तच निकडीचं आहे. आगमनाच्या व्हिडिओत तर आणखी एक तोटा होतो. पडदा सरकून मुखदर्शन होतं, नेमका त्याच क्षणी डोळा मधल्या पिवळ्या शब्दाला चिकटलेला असतो. ज्यासाठी व्हिडिओ उघडला तेच निसटतं.

तिसरी अडचण खरी आहे आणि ती मान्य करायला हवी: उभ्या चौकटीत जागाच नाही. 1080 पिक्सेलच्या रुंदीत मोठ्या ठशातलं ‘कार्यशाळेतून’ बरीचशी ओळ व्यापतं, आणि तळाचा मोठा पट्टा खात्याच्या नावाने व मजकुराने झाकला जातो. पण यावर उपाय म्हणून अक्षर मोठं करत जाणं चुकीचं. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार लागतात. त्यात जाड काळी किनार दिली की ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने काढलेले मुक्त आणि बलू हे ठसे सर्वांना मोफत मिळतात, आणि बेताच्या आकारात, बारीक किनारीने, दोन ओळींत ते स्वच्छ वाचता येतात.

जागेची अडचण अशी सुटली की एकक बदलता येतं. आपल्या वाक्याचे स्वाभाविक तुकडे तीन: ‘परळच्या कार्यशाळेतून’, ‘मूर्ती बाहेर पडली’, ‘आणि एकच जल्लोष झाला’. प्रत्येक तुकडा पूर्ण दिसावा, तो बोलायला सुरुवात होताना एकदम उजळावा आणि श्वासाच्या जागी रंग उतरावा. एका शब्दाला वेगळा रंग द्यायचाच असेल तर तो ‘एकच’ला द्यावा, कारण निवेदकाच्या आवाजाचा जोर त्या ‘च’वर आहे. महत्त्वाचा शब्द आपोआप निवडणारं साधन सहसा ‘जल्लोष’ उचलतं, कारण ते ठसठशीत नाम आहे. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकालाही तुकड्यांचं कॅप्शनच सोयीचं, फक्त त्याला बोलणारा कोण आणि ढोल कधी सुरू झाला हेही लिहून लागतं. ते आज जवळपास कुणी लिहीत नाही.

या कामाला नवं साधन लागत नाही. तयार कॅप्शनमधले शब्द श्वासाप्रमाणे जोडायचे आणि विराम मोकळे करायचे, हे एडिटरला हातानेही जमतं. आज गिरगाव ते लालबाग ही कॅप्शनं दिसायला सफाईदार आहेत, पण ती बनवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आपलं निवेदन डोळे मिटून एकदा ऐकलेलं असतं. पुढचं रील टाकण्याआधी तेवढं करा.