रोजच्या बेरजेमागचा विचार: पवईच्या एका शोधनिबंधाचं रसग्रहण

होशी मिस्त्री, प्रसन रॉय, एस. सुदर्शन आणि कृती रामामृतम या चौघांचा एक शोधनिबंध 2001 च्या सिग्मॉड परिषदेत आला. पवईच्या आयआयटीत आकाराला आलेलं हे काम साठवलेल्या बेरजा, म्हणजे मटेरियलाइज्ड व्ह्यू, कमीत कमी खर्चात ताज्या कशा ठेवायच्या याविषयी आहे. मला तो वाचताना दर वेळी आनंद होतो, कारण त्यात एकही निर्णय सुटा घेतलेला नाही.

त्याची गोडी उदाहरणाशिवाय कळत नाही. समजा, ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची कचेरी आहे. बिलांच्या तक्त्यात दोन कोटी ओळी आहेत आणि रोज साठ हजारांची भर पडते. डॅशबोर्डवर लष्कर, मुरार, हजिरा अशा भागांची रोजची विक्री दिसते. डॅशबोर्ड उघडताना दर वेळी दोन कोटी ओळी चाळायला नकोत म्हणून बेरीज आधीच करून ठेवलेली असते. प्रश्न उरतो तो ती अद्ययावत करण्याचा.

सोयीसाठी आकडे लहान ठेवून मुरारची एका दिवसाची नोंद घेऊ: 31 बिलं, एकूण 84,200 रुपये, सर्वांत मोठं बिल 9,400 रुपयांचं. त्यातलं 1,200 चं बिल रद्द झालं, तर बेरीज 83,000 आणि संख्या 30 होते. मूळ तक्ता उघडावाही लागत नाही. संख्या ठेवायची ती सरासरीसाठी, आणि ती शून्यावर आली की ती ओळच काढून टाकायची हे कळावं म्हणूनही. पण 9,400 चं बिल रद्द झालं तर? आता सर्वांत मोठं कोणतं, हे साठवलेल्या आकड्यांत कुठेच नाही. त्या दिवसाची उरलेली बिलं पुन्हा पाहावीच लागतात. फक्त फरकावर काम भागतं की नाही, हे आपण काय मोजतो यावर ठरतं.

बदलांपुरतं काम करणं नेहमीच स्वस्त, असा समज सर्रास आढळतो. निबंध तो समज मान्य न करता प्रत्येक व्ह्यूसाठी दोन्ही वाटांचा खर्च मांडतो. दुरुस्ती म्हणजे जुनी ओळ वजा आणि नवी अधिक. औषधांच्या यादीत निम्म्या औषधांची वर्गवारी बदलली, तर ‘वर्गवार विक्री’त निम्मी बिलं आधी वजा करून मग पुन्हा मिळवावी लागतात. त्यापेक्षा सगळी बेरीज नव्याने केलेली बरी.

खरी बहार पुढे आहे. एक व्ह्यू भागवार विक्रीचा, दुसरा भाग आणि वर्ग यांनुसार. आजची साठ हजार बिलं दुकानांच्या यादीशी जोडून भाग शोधणं दोघांनाही लागतं. मग ती जोडणी एकदाच करावी, दोन्हीकडे वापरावी आणि काम झालं की टाकून द्यावी. निबंध इथे थांबत नाही. सगळ्या जुन्या बिलांची दुकानांशी जोडणी कायमची साठवली, त्यावर औषधानुसार इंडेक्स ठेवला, तर एखाद्या औषधाचा वर्ग बदलल्यावर नेमकी तेवढीच बिलं भागासकट हाती येतात. ही साठवण कोणत्याही डॅशबोर्डवर दिसत नाही आणि तीही रोज अद्ययावत करावी लागते. तरीही एकूण काम कमी होऊ शकतं. शिवाय ती ठेवायची ठरली की दुसऱ्या व्ह्यूचा आधीचा निर्णयही उलटू शकतो. नव्याने बेरीज करण्यापेक्षा फरक लावणं आता स्वस्त पडतं. हे गुंतलेलं जाळं लेखक एकाच आराखड्यात बसवतात आणि सर्वाधिक फायद्याची साठवण एकेक करून निवडत जातात. ही निवड सर्वोत्तमच असेल याची हमी नाही, पण सगळ्या शक्यता तपासत बसणं परवडणारं नसतं.

हा निबंध वाचलेल्याला पोस्टग्रेसमधली पुढची आज्ञा फसवत नाही:

```sql
REFRESH MATERIALIZED VIEW CONCURRENTLY bhag_vikri;
```

वाचणाऱ्यांना ती अडवत नाही, एवढाच तिचा गुण. त्यासाठी व्ह्यूवर युनिक इंडेक्स लागतो. पण आतली क्वेरी ती पूर्ण चालवते, दोन कोटी ओळींसकट, आणि मग जुन्या-नव्या उत्तरातला फरक तेवढा लावते. साठ हजार ओळी आल्या म्हणून काम साठ हजारांचं होत नाही.

निबंधाची एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. कोणत्या तक्त्यात किती बदल होणार, याच्या अंदाजावर सगळा हिशेब उभा आहे. एरवी औषधांच्या यादीत चार-दोन दुरुस्त्या होतात आणि त्याच अंदाजाने योजना ठरते. ज्या दिवशी यादीच नवी येते, त्या दिवशी तीच योजना रात्रभर फरक लावत बसते. रिफ्रेशला लागलेला वेळ आणि बदललेल्या ओळींची संख्या रोज शेजारीशेजारी नोंदवली, तर हे लगेच दिसतं, आणि त्या रात्रीपुरता व्ह्यू सरळ नव्याने बांधता येतो.