विनोदी प्रवासवर्णन: कोरडेपणा हरवला कुठे?

दिवाळी अंकांतली विनोदी प्रवासवर्णने वाचताना एक गोष्ट खटकते. मूळ हकिगत साधी असते आणि तिच्यावर विनोद मागाहून भुरभुरलेला असतो. उद्गारचिन्हे, ‘आमची ही’, हरवलेली बॅग, परदेशात चहासाठी कासावीस होणे. मजकूर मात्र तसाच.

याचे मूळ पु. ल. देशपांडे यांच्या चुकीच्या अनुकरणात आहे. ‘अपूर्वाई’ आली 1960 मध्ये. तेव्हा विलायत बहुतेक वाचकांच्या आवाक्याबाहेर होती, त्यामुळे बुजलेला मराठी प्रवासी खरा वाटे. आजचा वाचक स्वतःच जाऊन आलेला असतो, निदान मोबाइलवर सगळे पाहून बसलेला असतो. त्याच्यापुढे तेच बुजणे म्हणजे सोंग. आज चेष्टेला खरा माल आहे तो सहलीच्या वेळापत्रकात.

एक साधी नोंद घेऊ: ‘सकाळी जयपूरचा हवामहल पाहिला. 1799 मध्ये सवाई प्रतापसिंहाने तो बांधला. त्याला 953 झरोके आहेत. वीस मिनिटे थांबून नाश्त्याला गेलो. पोहे छान होते.’

नेहमीचा विनोदी लेखक इथे लिहील: ‘बाप रे, हजारो खिडक्या! पुसताना बिचाऱ्या मोलकरणींचे काय होत असेल!’ आकडा फुगला तिथेच विनोद फुसका झाला. शिवाय चेष्टा भलत्याचीच झाली.

आता कोरडी तऱ्हा पाहा: ‘हवामहलाला 953 झरोके आहेत. ते पाहायला टूर मॅनेजरने वीस मिनिटे दिली, म्हणजे झरोक्यामागे सव्वा सेकंद. फोटोही त्यातच काढायचे होते. मी शंभराच्या आसपास पोहोचलो तेवढ्यात पोह्यांची हाक आली. उरलेले झरोके सवाई प्रतापसिंहावर विश्वास ठेवून सोडले. पोहे मात्र सगळे पाहिले.’

माहिती जवळपास तीच आहे. आकडा खराच ठेवला आणि वीस मिनिटे उचलून त्याच्या शेजारी आणली. भागाकार मुनिमाच्या गांभीर्याने केला. ‘छान’ हे मत काढून टाकले. फजिती निवेदकाची झाली, पण ती झाल्याचे त्याच्या गावीही नाही. 1799 साल गाळले, कारण ते इथे काही काम करत नव्हते. शेवटी ‘अशी ही आमची धावती सहल!’ असे वाक्य जोडले की सगळ्यावर पाणी पडते. जे वाचकाने ओळखायचे तेच लेखक सांगून मोकळा होतो.

पारख सोपी आहे. उद्गारचिन्हे आणि विशेषणे खोडून परिच्छेद मोठ्याने वाचावा. तरीही हसू आले, तर विनोद मांडणीत आहे.

या तऱ्हेला मर्यादाही आहे. ‘खूप मजा आली, निसर्ग अप्रतिम होता’ अशा नोंदीचे काहीच करता येत नाही, कारण तिच्यात शेजारी-शेजारी ठेवायला दोन वस्तूच नसतात. म्हणून संपादकांनी लेखकाकडे विनोदी लेख मागण्याआधी त्याची रटाळ टिपणवही मागवावी. वेळा, पाट्या, बिले आणि जेवणाचे पदार्थ तिच्यात नसतील, तर पुढचा लेख छापण्याची घाई करू नये.