गूळ घालण्याआधी

स्वयंपाकाची वही परक्यासाठी लिहिलेली नसते. एका दिवाळी अंकात वाचलेली जेमतेम नऊ पानांची कथा एवढ्याच गोष्टीवर उभी आहे, आणि कथाकाराला ती पक्की ठाऊक आहे. पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ, बायको जाऊन चार महिने झालेले. डब्याचं जेवण नकोसं झाल्यावर ते तिची पाककृतींची वही काढतात आणि पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभे राहतात. कथेत त्यांना नाव नाही, शेजारच्यांसाठी ते नुसते काका आहेत. कथानक म्हणाल तर इतकंच.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. त्यातली वाटी-चमच्याची मापं नवशिक्या हातांसाठी होती. छापील पुस्तकाला वाचणारीला काहीच येत नाही असं धरून चालावं लागतं. वही लिहिणारी बाई मात्र स्वतःच्या आठवणीपुरतं लिहिते. हाताला ठाऊक असलेलं ती लिहीत नाही, विसरायला होईल तेवढंच टिपते. कथेतली आमटीची नोंद अशी आहे: ‘तूरडाळ 1 वाटी, चिंच सुपारीएवढी, गूळ, गोडा मसाला 1 चमचा, मीठ. फोडणी नेहमीसारखी. गूळ घालण्याआधी एक वाटी काढणे.’ कृती म्हणून हिचा काकांना काही उपयोग नाही. कथा म्हणून मात्र सगळं या चार ओळींत आलेलं आहे.

पहिल्या दिवशी काका नोंद वरून खाली वाचतात आणि त्याच क्रमाने सगळं कुकरमध्ये घालतात. डाळ, चिंचेचा कोळ, गूळ, मसाला, मीठ. चार शिट्ट्या होतात, आणखी चार होतात, डाळ दाताखाली कचकचतेच. स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही इथे कारण कळतं. आंबट पडलं की डाळीच्या कणांना धरून ठेवणारा पदार्थ विरघळायला तयार होत नाही, मग शिट्ट्या कितीही करा. चिंच घालायची ती डाळ शिजून घोटल्यावर. काकांना हे माहीत नाही, आणि कथाकार ते सांगत नाही. ते डाळीला दोष देतात, वाण्याकडे जाऊन जुनी डाळ दिलीस म्हणून भांडतात. हा प्रसंग विनोदी आहे, पण मला तो कथेतल्या दुःखाची पहिली खूण वाटतो. चार महिन्यांत या माणसाचा आवाज पहिल्यांदा चढतो, आणि तो डाळीवरून. बायकोच्या मरणाबद्दल कथेत जवळजवळ एक वाक्यही नाही. वाण्याच्या दुकानातलं हे भांडण ती जागा भरून काढतं.

‘फोडणी नेहमीसारखी’ या दोन शब्दांपाशी कथा सर्वांत जास्त वेळ थांबते. काका वहिनींना विचारतात, शेजारच्या काकूंना विचारतात. वहिनींच्या फोडणीत मेथीचे चार दाणे, काकूंच्या फोडणीत जिरं. ज्याचं त्याचं नेहमीचं वेगळं. मग येतो तो परिच्छेद, ज्यासाठी ही कथा मी पुन्हा वाचली. काकांनी बायकोला फोडणी करताना कधी पाहिलेलं नाही, पण अडतीस वर्षं बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना ऐकलेली आहे. ते गॅस लावतात, तेल तापू देतात आणि डोळे मिटतात. आधी मोहरीची तडतड, ती थांबत आली की हिंगाचा वास, मग कढीपत्त्याचा एकच चर्र असा आवाज, आणि क्षणभर काहीच नाही. त्यानंतर डाळ ओतल्याचा मोठा फस्कारा. त्या मधल्या क्षणात हळद पडत असणार, हे काका ताडतात. हळदीला आवाज नसतो. पहिल्यांदा ते हळद मोहरीबरोबरच टाकतात, ती काळी पडते आणि फोडणी कडवट होते. दुसऱ्यांदा तडतड थांबेपर्यंत धीर धरतात, आच कमी करतात, आणि फोडणी पिवळी राहते.

हा परिच्छेद हळवा व्हायला किती सोपा होता! एखादा अश्रू तेलात पाडून कथाकाराला मोकळं होता आलं असतं. त्याने सगळं लक्ष तेलावर ठेवलं आहे. संसारात काकांचा वाटा काय होता, हेही इथेच उघडं पडतं. ते ऐकणारे होते, खाणारे होते, शेजारच्या खोलीत होते. कथाकार त्यांना त्यासाठी झोडपत नाही आणि माफही करत नाही.

आता ती शेवटची ओळ. ‘गूळ घालण्याआधी एक वाटी काढणे.’ काका ती आज्ञेसारखी पाळतात. दर वेळी बिनगुळाची एक वाटी बाजूला काढून ठेवतात आणि तिचं काय करायचं हे न कळून रात्री तीही संपवतात. त्यांना वाटतं, चव बघण्यासाठी असेल, किंवा नैवेद्याची काही रीत असेल. आठवडे जातात. एकदा ती वाटी आधी तोंडाला लावल्यावर तिखट-आंबट चव लागते आणि त्यांना अकोला आठवतं. दुसऱ्या पानावर, कोणाच्याही लक्षात राहणार नाही अशा बेताने, कथाकाराने सांगून ठेवलेलं असतं की दर मे महिन्यात बायकोच्या माहेराहून अकोल्याहून तिखटाचा डबा यायचा. पुण्याच्या घरात आमटी गोड व्हायची. अकोल्याच्या मुलीने अडतीस वर्षं आपली वाटी आधी काढून घेतली आणि कोणाला कळू दिलं नाही. वहीत तिने स्वतःबद्दल लिहिलेली ही एकच ओळ, तीही विसरू नये म्हणून.

कथाकार यातलं काहीच असं मांडून सांगत नाही. काका वाटी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी वाण्याकडे जाऊन तिखट मागतात. तोच वाणी, ज्याच्याशी डाळीवरून भांडण झालं होतं. संवाद फक्त कुठलं तिखट आणि किती, एवढाच. एका कथेत दोनदा आलेलं एकच दुकान इतकं काम करताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

दोष आहेच, आणि तो लहान नाही. आठव्या पानावर मुलीचा परदेशातून फोन येतो आणि ती म्हणते, आई कधी काही मागायचीच नाही. वाचकाला नुकतंच जे स्वतः सापडलं, ते लेखकाने लगेच मुलीच्या तोंडून वदवून घेतलं आहे. तिचं बोलणं खोटं नाही, अनावश्यक आहे. हा उतारा संपूर्ण काढला तर कथेचा एकही धागा सुटत नाही. संपादकाने तिथे कात्री लावायला हवी होती.

पुरणपोळीचा प्रसंग मात्र काही वाचकांना फालतू वाटेल, तसा तो नाही. पुरण सैल होतं, पोळी फुटते, काका पुरण नुसतंच वाटीत घेऊन खातात. चण्याच्या डाळीतलं पाणी नीट निथळलं नाही किंवा गूळ घातल्यावर पुरण पुरेसं आटवलं नाही की हे होतंच. पुरणात झारा उभा राहायला हवा, हे वहीत नाही, कारण ते तिच्या डोळ्यांत होतं. कथाकाराने काकांना हा पदार्थ शेवटपर्यंत जमू दिलेला नाही, आणि ते योग्यच केलं. काही आठवड्यांत सुगरण झालेला म्हातारा मला पटला नसता.

कथा हाताशी आली तर एक करा. वहीतल्या सगळ्या नोंदी आधी वेगळ्या काढून सलग वाचा, मग कथा पहिल्यापासून वाचा, आणि आठव्या पानावरचा फोन खुशाल गाळा.