चार किलो नऊशे ग्रॅम

हिरकणीवाडीत मे संपत आला की ताडपत्रीचा विषय निघतोच. रोपवेच्या खालच्या स्टेशनाच्या आसपास ज्यांच्या घरापुढे रायगडावर येणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची पडवी आहे, त्यांना पावसाची झड अडवल्याशिवाय चूल पेटती ठेवता येत नाही. अशाच एका पडवीच्या मालकीणबाईंनी अठरा बाय चोवीस फुटांची, २०० जीएसएमची ताडपत्री ऑनलाइन मागवली. आली ती पातळ. ती परत घ्यावी म्हणून त्यांनी मराठीत पत्र लिहिलं आणि महाडच्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने त्याचं इंग्रजी करून विक्रेत्याला ईमेल पाठवला. दोन्ही मजकूर काकींनी मला वाचायला दिले. मूळ पत्र जोरकस आहे यात शंका नाही, पण मला भुरळ पडली ती पुतणीच्या इंग्रजीची.

काकींचं पत्र अर्जाच्या वळणाचं आहे. माननीय महोदय, सप्रेम नमस्कार, मग पावसाळा तोंडावर आल्याची हकिगत, गेल्या वर्षीची ताडपत्री वाऱ्याने कशी फाटली ते, मग ऑर्डर, मग पार्सल, मग राग, आणि शेवटी ‘तरी ताडपत्री परत घ्यावी ही विनंती’. अर्जात विनंती शेवटीच येते, कारण अर्ज वाचणारा साहेब खुर्चीत बसून पूर्ण कागद वाचेल असा आपला विश्वास असतो. विक्रेत्याकडचा माणूस असा वाचत नाही. त्याच्यापुढे दिवसभर असे ईमेल येतात आणि पहिल्या दोन ओळींत तो ठरवतो की हे परतीचं, पैशांचं की नुसतं गाऱ्हाणं. पुतणीने विनंती उचलून थेट विषयाच्या ओळीत नेली. तिथे ऑर्डरचा क्रमांक आहे, वस्तूचं नाव आहे, ‘जाहिरातीप्रमाणे नाही’ हे कारण आहे आणि पूर्ण रक्कम परत हवी ही मागणी आहे. ईमेल उघडायच्या आधीच काम कळतं. आपल्या अर्जातही ‘विषय:’ ही ओळ असतेच, आपण ती फक्त शिष्टाचार म्हणून लिहितो. पुतणीने त्या ओळीकडून काम करून घेतलं.

खरी कारागिरी मात्र वजनाच्या परिच्छेदात आहे. काकींनी लिहिलं होतं, ‘हातात घेतल्या घेतल्या कळलं, हलकी आहे. काट्याला लावली तर पाच किलोसुद्धा भरली नाही.’ हे खरं आहे, पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. तेव्हा लांबी-रुंदी आणि एकूण वजन शेजारी मांडल्याशिवाय पाच किलो कमी की जास्त हे विक्रेत्याला कळणार नाही, किंवा कळूनही त्याला न कळल्याचं सोंग घेता येईल. पुतणीने टेप लावून मोजलं. दुमडलेल्या कडेपासून कडेपर्यंत सतरा फूट आठ इंच आणि तेवीस फूट सात इंच. म्हणजे सुमारे ३८.७ चौरस मीटर. २०० जीएसएमच्या हिशेबाने वजन ७.७ किलोच्या आसपास यायला हवं. काट्यावर आलं ४.९ किलो. भागाकार केला की १२७सुद्धा भरत नाही.

इथे दोन बारकावे आहेत आणि घाईत वाचलं तर दोन्ही निसटतात. पहिला असा की ताडपत्री सांगितलेल्या मापापेक्षा काही इंच लहान आहे, आणि पुतणीने त्याची तक्रार केलेली नाही. या धंद्यात बहुतेकदा कापलेलं माप सांगतात. कड दुमडून शिवली की प्रत्येक बाजूला काही इंच जातात. ती तक्रार केली असती तर विक्रेत्याने नेमकी तीच धरून उत्तर पाठवलं असतं आणि जाडीचा मुद्दा बाजूला पडला असता. पुतणीने एका अर्ध्या वाक्यात ‘शिलाईमुळे आलेला फरक मला मान्य आहे’ असं लिहून ती वाट बंद केली. शिवाय हिशेबाला लहान माप घेतलं, म्हणजे आकडा विक्रेत्याच्या बाजूने झुकलेला आहे. दुसरा बारकावा याहून सुंदर. तिने लिहिलं आहे की ४.९ किलोत कडेची दुहेरी घडी, तिच्यातली दोरी आणि धातूच्या कड्यांचं वजनही आलं आहे, तेव्हा नुसतं कापड १२७पेक्षाही पातळ असणार. समोरच्याला जितकी सूट देता येईल तितकी देऊन झाली आणि तरीही तो हरतो. वादात याहून सभ्य निर्दयपणा मी क्वचित वाचला आहे.

काट्यावर शंका घेतली जाईल, हेही तिने ओळखलं. घरचा लटकता काटा, त्याचा भरवसा काय? काकींच्या पत्रात एका कोपऱ्यात वाक्य होतं: ‘पाच किलोच्या तांदळाच्या बंद पिशवीपेक्षा हलकी आहे हो!’ काकींनी ते चिडून लिहिलं होतं. पुतणीने त्यातला पुरावा ओळखला. त्याच काट्यावर न फोडलेली पिशवी आणि नंतर ताडपत्री, असे दोन फोटो तिने जोडले. आता काटा चुकीचा असला तरी दोन्ही वस्तूंना सारखाच चुकीचा. उद्गारचिन्ह गेलं, तांदूळ राहिला.

रागाचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. मूळ पत्रात ‘तुम्ही आम्हाला फसवलंत’ असं स्वच्छ लिहिलं आहे. इंग्रजीत फसवणुकीचा आरोप नाही. फसवणूक म्हटली की हेतू सिद्ध करावा लागतो आणि समोरचा हेतूवरच भांडत बसतो. त्याजागी ‘नॉट ॲज ॲडव्हर्टाइज्ड’ एवढंच आहे. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने माल परत घ्यायला नकार देऊ नये अशी जी कारणं सांगितली आहेत, त्यांत सदोष माल एक आणि जाहिरातीतल्या गुणांशी न जुळणारा माल दुसरं. ताडपत्री फाटलेली नाही, म्हणून ‘सदोष’वर वाद होऊ शकतो. दुसऱ्या कारणावर वादाला जागाच नाही, कारण एका बाजूला वजन आहे आणि दुसऱ्या बाजूला विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट. तो स्क्रीनशॉटही पार्सल उघडल्याच्या दिवशीच काढून ठेवलेला. विक्रीचं पान नंतर बदलू शकतं, हे भान आमच्या वयाच्या माणसांना नसतं.

काकींच्या मराठीतलं सर्वांत देखणं वाक्य आहे: ‘अजून कड्यांत दोरीसुद्धा ओवलेली नाही.’ माल वापरलेला नाही हे सांगायला इंग्रजीत एक घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे आणि सगळेच तो टाकून मोकळे होतात. पुतणीने तो टाकला, पण त्याच्या मागोमाग दोरीचं वाक्यही जवळजवळ शब्दशः ठेवलं. ताडपत्री बांधली की कड्यांभोवती ओढ बसते, कापड तिथे पांढुरकं पडतं आणि परत आलेला माल तपासणारा पहिल्यांदा तिथेच बघतो. म्हणजे काकींनी नकळत नेमकी तपासाची जागा दाखवली होती आणि पुतणीने ती ओळखून राखली.

तारखांकडे मी थोडक्यात बोट दाखवतो. ‘परवा पार्सल आलं’ आणि ‘मृग लागायच्या आत निकाल लावा’ अशी मूळ वाक्यं. आपला परवा मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत ३० मेला माल मिळाला, आज २ जून, तुमच्या सात दिवसांच्या मुदतीत आहोत, असं आलं. मृगाच्या जागी ७ जून बसला. नक्षत्राचा गोडवा गेला, पण रायगडकडच्या पावसाशी ज्याचा संबंध नाही त्याला मृग समजावत बसणं हे या ईमेलचं काम नव्हे.

पत्त्यात मात्र पुतणीने एकही शब्द वाचवलेला नाही. परतीचे बरेच व्यवहार इथेच अडकतात. माल न्यायला येणारा पोऱ्या घर न सापडल्याने परत जातो आणि नोंद पडते की ग्राहक घरी नव्हता. काकींनी लिहिलं होतं, ‘रोपवेच्या अलीकडे.’ अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे? वाडीतल्या माणसाला प्रश्नच पडत नाही. पुतणीने आधी दिशा सांगितली: महाडहून येताना, रोपवेच्या खालच्या स्टेशनाच्या आधी, रस्त्याच्या कोणत्या हाताला. आणि पुढे असं की फोनची रेंज गेली तर थेट यावं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरी माणूस असतं. काकींचं ‘घरी कुणी ना कुणी असतंच’ हे सहज वाक्य इथे करारातल्या कलमासारखं उभं राहतं.

पैसे रोख दिले होते, पार्सल हातात घेताना. अशा वेळी परतावा बँकेत घ्यावा लागतो आणि काकींनी भाबडेपणाने खातेक्रमांक पत्रातच लिहून टाकला होता. पुतणीने तो वगळला. त्याऐवजी लिहिलं की खात्याचा तपशील मी ऑर्डरच्या पानावरच भरेन, ईमेलने किंवा फोनवर देणार नाही. अनुवादात वगळणं हा दोष मानला जातो. इथे ती या मजकुरातली सर्वांत शहाणी जागा आहे. काकींचं ‘दुसरी पाठवू नका, तीही त्याच गठ्ठ्यातली असणार’ हे वाक्य मात्र कारणासकट राहिलं आहे, कारण बदली माल पाठवून वेळ काढणं हा विक्रेत्याचा सोपा मार्ग तेवढ्याने बंद होतो.

एका जागी माझं तिच्याशी पटत नाही. काकींनी शेवटी ‘नाहीतर ग्राहक मंचात जाईन’ असं बजावलं होतं. पुतणीने मंच काढला आणि ४८ तासांत पोच द्यावी एवढीच मागणी ठेवली. पोच ४८ तासांत आणि तक्रारीचा निकाल महिन्याभरात, ही तक्रार अधिकाऱ्याला त्याच ई-कॉमर्स नियमांनी घातलेली मुदत आहे. नियमाचं नाव न घेता नियमातला आकडा वापरणं चतुर आहे, जाणकाराला तो बरोबर टोचतो. पण महिन्याची मुदतही सोबत लिहायला हवी होती. पोच आपोआप सुटणाऱ्या संदेशानेही मिळते, आणि मग पुढे विचारायला हातात तारीख उरत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक तिने दुसऱ्या ईमेलसाठी राखून ठेवला आहे, असं तिने मला सांगितलं. ते पटलं.

सही काकींची आहे, पूर्ण नावाने. अनुवाद कुणाचा याचा उल्लेख कुठेही नाही. सहीच्या खाली एक रेघ आहे आणि रेघेखाली, खातेक्रमांकाची ओळ वगळून, मूळ मराठी पत्र जसंच्या तसं चिकटवलं आहे: ग्राहकाचं मूळ निवेदन या मथळ्याखाली. उद्या शब्दावरून वाद झालाच तर मूळ विधान कोणतं हे शोधायला नको. त्यामुळे ‘फसवलंत’ही गेलं, मृगही गेला, उद्गारचिन्हासकट तांदळाची पिशवीही गेली, आणि विक्रेत्याकडे मराठी वाचणारं कुणी असलंच तर त्याच्यासाठी ग्राहक मंचाची धमकीसुद्धा.