बावीस ट्विटांची आघाडी

आज आम्हाला एका तक्त्याबद्दल तक्रार करायची आहे. भाषेच्या मॉडेलांवरचे निबंध तुम्ही वाचत असाल. शेवटी एक तक्ता असतो, त्यात एक आकडा ठळक छापलेला असतो आणि खाली वाक्य असतं की आमचं मॉडेल आधीच्यापेक्षा सरस आहे. तो आकडा खोटा नसतो. आमचं भांडण ‘सरस’ या शब्दाशी आहे.

घरचंच उदाहरण घेऊ. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ साली ‘महासेंट’ नावाचा मराठी ट्विटांचा संच खुला केला. प्रत्येक ट्विटावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी माणसांनी लावलेली खूण आहे. परीक्षेसाठी २,२५० ट्विटं बाजूला ठेवलेली आहेत. आता समजा, अ मॉडेलने त्यातली १,८६८ बरोबर ओळखली आणि ब मॉडेलने १,८९०. (हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या छापील निकालातले नाहीत.) तक्त्यात ८३.० आणि ८४.० दिसणार, आणि ८४.० ठळक होणार. सगळी आघाडी बावीस ट्विटांची.

विधान दोन प्रकारचं असू शकतं, हे बघा. ‘या २,२५० ट्विटांवर ब ने बावीस जास्त ओळखली’ हे निव्वळ मोजणं झालं, त्यात वाद नाही. ‘ब मॉडेल सरस आहे’ हे मात्र न पाहिलेल्या ट्विटांबद्दलचं विधान आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर मध्ये काहीतरी आधार हवा.

तो आधार कुठे शोधायचा? इथे पावण्यात एमआयडीसीतली मंडळी समोर आहेत, त्यांना लगेच कळेल. दोन तपासनिसांची तुलना करायची तर दोघांना वेगवेगळ्या पेट्या देत नाहीत, तेच नग दोघांना देतात. मग ज्या नगांवर दोघांचं एकमत झालं, ते तुलनेपुरते निरुपयोगी. बोलतात ते फक्त मतभेदाचे नग. क्विन मॅकनेमार यांची १९४७ सालची चाचणी एवढंच करते.

समजा, १६१ ट्विटं फक्त ब ला जमली आणि १३९ फक्त अ ला. फरक बावीस, मतभेद ३००. दोन्ही मॉडेलं सारख्याच ताकदीची असती तर हे ३०० निकाल नाणं उडवल्यासारखे पडले असते. तीनशेदा नाणं उडवून छापा-काट्यात बावीस किंवा त्याहून जास्त फरक साधारण पाचात एकदा पडतोच. अशा निकालावर ‘सरस’ लिहायचं, हे आम्हाला पटत नाही.

पण आता मतभेद फक्त साठ ट्विटांवर आहेत असं धरा: ४१ ब कडे, १९ अ कडे. फरक तोच बावीस, तक्ताही तोच, ८३.० आणि ८४.०. मात्र साठ नाण्यांत एवढा फरक दीडशे वेळांत एखाद्याच वेळी पडेल. म्हणजे निकाल ज्या गोष्टीवर ठरतो ती तक्त्यात छापलेलीच नाही! दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून कितीही बघा, हे दोन प्रसंग वेगळे ओळखता येणार नाहीत.

ज्यांना पी-व्हॅल्यूपेक्षा पल्ला बरा वाटतो (आम्हालाही तोच बरा वाटतो) त्यांच्यासाठी ब्रॅडली एफ्रॉन यांचा १९७९ सालचा बूटस्ट्रॅप आहे. २,२५० ट्विटांच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढायची, नोंदवायची, परत टाकायची. असं २,२५० वेळा. काही ट्विटं दोनतीनदा येतील, साधारण ३७ टक्के येणारच नाहीत. त्या नव्या संचावर दोघांतला फरक काढायचा. असं दहा हजार वेळा करून फरक ओळीने लावायचे आणि दोन्ही टोकांचे अडीचशे-अडीचशे सोडून द्यायचे. पहिल्या प्रसंगात उरलेला पल्ला साधारण उणे १२ ते अधिक ५६ ट्विटं असा येईल, दुसऱ्यात ७ ते ३७. पहिल्यात शून्य आत आहे. याचा अर्थ दोन्ही मॉडेलं सारखी आहेत असा मात्र काढू नका. ब चांगलं पुढे असेल किंवा किंचित मागेही असेल, या परीक्षेला ते सांगता येत नाही, इतकंच.

इथे एक चूक फार होते. अ साठी वेगळ्या चिठ्ठ्या आणि ब साठी वेगळ्या काढतात. मग जोडी तुटते आणि साठ मतभेदांचा तो चांगला पुरावाही गोंधळात बुडतो. चिठ्ठी एकच काढायची, तिच्यावर दोघांची उत्तरं लिहिलेली असली पाहिजेत.

आणि चिठ्ठी कशाची, हाही प्रश्न आहे. महासेंटमधली ट्विटं महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरून घेतलेली आहेत. एकाच माणसाची ट्विटं एकमेकांसारखी असतात. त्याचा उपरोध एखाद्या मॉडेलला कळत नसेल तर त्याची वीस ट्विटं एकदम चुकतील. ती वीस स्वतंत्र नाणी नव्हेत. खात्याची माहिती हाताशी असेल तर चिठ्ठीवर ट्विट नको, अख्खं खातं हवं. तेव्हा पल्ला बहुधा रुंदावतो, आणि दुसऱ्या प्रसंगातला तो ७ शून्याच्या खालीही घसरू शकतो.

शिवाय हे सगळं एकदाच शिकवून तयार झालेल्या दोन मॉडेलांबद्दल झालं. तीच पद्धत वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीने पुन्हा शिकवली की उत्तरं हलतात, आणि ते हलणं या पल्ल्यात धरलेलंच नाही. पद्धतींची तुलना करायची असेल तर दोन्ही मॉडेलं अनेकदा शिकवावी लागतात. निबंधकारांनी निदान दर ट्विटाचं उत्तर फाइलमध्ये द्यावं, म्हणजे मतभेद वाचकाला स्वतः मोजता येतील. आता प्रश्न घेऊ या.