‘क्रमिक अंश’ : चांगली मोजपट्टी, फसवे नाव

ॲलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी १९९० मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. त्यातली मोजपट्टी आजही वापरात आहे. तिची पारख येथे करू.

एक प्रोसेसर एखादे काम १०० सेकंदांत करतो. तेच काम आठ प्रोसेसरांनी १६.९ सेकंदांत केले, तर वेगवाढ ५.९ पट झाली. तिला आठने भागले की कार्यक्षमता ०.७४ येते. पण उरलेले २६ टक्के गेले कुठे, हे हा आकडा सांगत नाही. कार्प आणि फ्लॅट यांचे म्हणणे असे, की मोजलेल्या वेगवाढीवरून वाटून देता न येणारा भाग, म्हणजे क्रमिक अंश, काढावा. वेगवाढ S आणि प्रोसेसर p असल्यास

e = (1/S − 1/p) / (1 − 1/p)

समजा, अशा दोन आज्ञावल्या आहेत. पहिलीला २, ४ आणि ८ प्रोसेसरांवर ५२.५, २८.८ आणि १६.९ सेकंद लागतात, दुसरीला ५०.८, २७.४ आणि १६.९. आठ प्रोसेसरांपाशी दोघी अगदी सारख्या! पण e काढून पाहा. पहिलीत तो तिन्ही वेळा ०.०५ च्या आसपास राहतो. म्हणजे कामाचा सुमारे विसावा हिस्सा एकट्यानेच करावा लागतो. दुसरीत तो ०.०१६, ०.०३२, ०.०५० असा चढत जातो. येथे दोष वाटपाबाहेरच्या कामाचा नाही. प्रोसेसर वाढतील तसा एकमेकांना निरोप देण्यात आणि एकमेकांची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाढतो आहे. सोळा प्रोसेसर लावले तर पहिली सुमारे ९ पटींपर्यंत जाईल. दुसरीचा e याच चालीने वाढला, तर ती ८ पटींच्या अलीकडेच अडेल. उपायही वेगळे: पहिलीत काम करण्याची रीत बदलावी लागेल, दुसरीत निरोप कमी करावे लागतील. एवढे निदान एका साध्या सूत्राने व्हावे, हे या निबंधाचे खरे यश.

नाव मात्र आम्हाला खटकते. दुसऱ्या आज्ञावलीतला ०.०५० हा ‘क्रमिक’ मुळीच नाही. त्यात असमान वाटप, निरोप, थांबणे असे सगळेच मिसळलेले आहे. म्हणून एकट्या e वर विश्वास ठेवू नये, त्याची चाल पाहावी.

दुसरी अडचण मोजमापाची. दोन प्रोसेसरांवर ५०.८ ऐवजी घड्याळाने ५१.८ सेकंद दाखवले, तर e ०.०१६ वरून ०.०३६ वर उडी मारतो आणि चढती चाल दिसेनाशी होते. आठ प्रोसेसरांपाशी हीच एका सेकंदाची चूक e मध्ये ०.०११ एवढाच फरक पाडते. थोड्या प्रोसेसरांवरची मापे म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावीत. कधी e ऋणही येतो. प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याची माहिती त्याच्या जवळच्या वेगवान स्मृतीत मावू लागली, की वेगवाढ p च्याही पुढे जाते. अशा वेळी तुलनेसाठी घेतलेला एका प्रोसेसरचा वेळच आधी तपासावा.