दृश्यता-आलेखातील ‘दिसणे’ : एक आक्षेप

बहुभुज अडथळ्यांमधून जाणारा लघुतम मार्ग शोधण्याची जी रीत लोझानो-पेरेझ व वेस्ली यांच्या १९७९ च्या निबंधामुळे सर्वपरिचित झाली, तिची मांडणी वर्गात बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते. आरंभबिंदू, अंत्यबिंदू व सर्व शिरोबिंदू घ्यावेत. त्यांपैकी जे परस्परांस ‘दिसतात’ ते जोडावेत आणि त्या आलेखावर डाइक्स्ट्राची रीत चालवावी. तिचा सैद्धान्तिक पाया निर्दोष आहे, कारण ताणलेला दोरा शिरोबिंदूपाशीच वळतो. आमचा आक्षेप आहे तो ‘दिसणे’ या शब्दाच्या सैल वापराविषयी.

दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड कोणत्याही बाजूस तिच्या मधल्या भागात छेदत नसेल तर ते बिंदू परस्परांस दिसतात, अशी कसोटी सामान्यतः सांगितली जाते. आरंभ (०, ०) येथे, अंत्य (८, ०) येथे आणि मध्ये (२, ०), (४, ३), (६, ०), (४, −३) हे शिरोबिंदू असलेला समभुज चौकोन घेऊन ती तपासू. आरंभ व अंत्य जोडणारी सरळ रेषा अडथळ्याच्या पोटातून जाते; परंतु ती बाजूंना केवळ शिरोबिंदूंपाशी भेटते. कसोटी तिला मान्यता देते आणि उत्तर ८ येते. खरा लघुतम मार्ग (४, ३) वरून जातो. त्याचे दोन भाग प्रत्येकी ५, म्हणून लांबी १० होय.

यावर उपाय म्हणून स्पर्शही निषिद्ध ठरवला, तर उलट दोष उद्भवतो. त्याच दोन बिंदूंमध्ये (२, २), (६, २), (६, −२), (२, −२) हा चौरस ठेवावा. येथील लघुतम मार्ग वरच्या किंवा खालच्या बाजूला लागूनच जातो. त्याची लांबी ४ + ४√२, म्हणजे सुमारे ९·६६ आहे. बाजू वगळल्या की आलेखाचे दोन तुकडे पडतात आणि मार्गच नाही असे उत्तर मिळते. दोन्ही प्रसंगी शोधरीतीचा दोष नाही; हाती आलेल्या आलेखात ती अचूकच चालते.

योग्य कसोटी अशी : रेषाखंड जेथे जेथे सीमेस स्पर्शतो तेथे त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याचा मध्यबिंदू पाहावा. तो एखाद्या अडथळ्याच्या आत असेल तर रेषाखंड त्याज्य. सीमेवर वा बाहेर असेल तर ग्राह्य. पहिल्या उदाहरणात (४, ०) आत सापडतो, दुसऱ्यात (४, २) सीमेवर. मात्र दोन अडथळ्यांची बाजू सामाईक असेल, तर ही कसोटी त्या भिंतीतूनही वाट देईल. म्हणून असे अडथळे आधी एकत्र करणे अवश्य आहे. शिवाय ‘सीमेवर’ हा निर्णय शून्याशी तुलनेवर अवलंबून असतो. निर्देशक पूर्णांक असतील तर तो निःसंदिग्ध असतो. दशांशांतील पूर्णांकनाने मात्र तो कोणत्याही बाजूस झुकू शकतो.